‘पेक्षा’, ‘इतका नाही’ आणि ‘आणखी’: चिनी भाषेतली तुलना मराठीतून समजून घेताना

चिनी शिकायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी वहीत एक वाक्य मोठ्या विश्वासाने लिहिलं होतं: था पी वो हन काओ. ‘था’ म्हणजे तो, ‘वो’ म्हणजे मी, ‘काओ’ म्हणजे उंच, ‘हन’ म्हणजे खूप आणि ‘पी’ म्हणजे आपलं ‘पेक्षा’. तो माझ्यापेक्षा खूप उंच आहे. शब्द सगळे बरोबर होते, क्रमही मला बरोबर वाटत होता. बाईंनी लाल पेनने एकच शब्द खोडला, तो ‘हन’. कारण विचारलं तर म्हणाल्या, “पीच्या वाक्यात हन येत नाही, लक्षात ठेव.”

लक्षात ठेवलं, पण चूक पुन्हापुन्हा होत राहिली. त्याचं कारण पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. मराठीत ‘माझ्यापेक्षा खूप उंच’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे, त्यामुळे कान त्याला अडवत नाहीत. चिनी विशेषण मुळात कसं वागतं हे समजल्याशिवाय हा नियम अंगात भिनत नाही. ते एकदा समजलं की तुलनेची बाकीची वाक्यंही त्याच धाग्याला धरून उलगडत जातात. म्हणून सुरुवात तिथून करू.

त्याआधी उच्चारांबद्दल दोन शब्द. फोनवर चिनी टाइप करताना bi असं लिहिलं की 比, म्हणजे वरचा ‘पी’, हे अक्षर समोर येतं, आणि geng लिहिलं की 更, म्हणजे ‘कंग’, ज्याची गोष्ट पुढे येईल. पण रोमन b पाहून ‘बी’ म्हणायला जाऊ नका. मँडरिनमधला हा आवाज आपल्या ‘प’सारखा आहे, आणि रोमन p म्हणजे आपला ‘फ’, पण दोन्ही ओठ मिटून म्हटलेला. तसंच g म्हणजे ‘क’ आणि k म्हणजे ‘ख’, d म्हणजे ‘त’ आणि t म्हणजे ‘थ’. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपल्याला बाराखडीपासून येतो, त्यामुळे इथे मराठी माणसाचं काम सोपं आहे. या लेखात मी देवनागरीत तोच उच्चार लिहिला आहे. ‘पी’ तिसऱ्या सुरात म्हणायचा, म्हणजे आवाज खाली नेऊन किंचित वर आणायचा. ‘कंग’ चौथ्या सुरात, म्हणजे वरून खाली झटक्यात. सूर इथे प्रत्येक शब्दावर दाखवलेले नाहीत, ते मात्र ऐकूनच पक्के करावे लागतील.

आता विशेषणाकडे. चिनीत ‘तो उंच आहे’ हे वाक्य ‘था हन काओ’ असं होतं. यात ‘आहे’साठी वेगळं क्रियापद लागत नाही, विशेषणच क्रियापदाचं काम करतं. शिकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा की साध्या ‘उंच’साठी ‘खूप’ कशाला? पुस्तकं सांगतात की हा ‘हन’ जोर देऊन म्हटला नाही तर त्याला फारसा अर्थ नसतो, तो फक्त वाक्य पुरं करतो. हे खरं आहे, पण अर्धंच. ‘हन’ काढून नुसतं ‘था काओ’ म्हटलं तर काय होतं, ते पाहिलं पाहिजे.

‘था काओ’ ऐकणाऱ्या चिनी माणसाला वाक्य अधांतरी वाटतं. त्याच्या मनात लगेच येतं, कोणाच्या मानाने? कुणी विचारलं, ‘शेय काओ?’, तर त्याचा अर्थ ‘कोण उंच आहे?’ असा न होता ‘दोघांत उंच कोण?’ असा होतो. त्याला ‘था काओ’ हे अगदी पूर्ण उत्तर आहे: तो उंच, म्हणजे दुसऱ्याहून उंच. ‘आज थंडी, काल नव्हती’ अशा जोडवाक्यातही नुसतं विशेषण चालतं, कारण समोर दुसरी बाजू उभी आहे. म्हणजे चिनीत नुसत्या विशेषणातच तुलना दडलेली असते. ‘हन’ ती तुलना बंद करतो. तो सांगतो की मी कुणाशी मोजत नाहीये, त्याची उंची जी आहे ती आहे.

आता पीचं वाक्य बघा.

था पी वो काओ.
तो माझ्यापेक्षा उंच आहे.

पी आला म्हणजे तुलना उघडली. त्यात ‘हन’ टाकला की तो ती बंद करायला जातो. एकाच वाक्यात दार उघडायचं आणि लावायचं, हे चिनी कानाला खटकतं. म्हणून ‘हन’ खोडला जातो. ‘अतिशय’ अशा अर्थाचा ‘फेय-छांग’ही याच कारणाने इथे बसत नाही.

पीच्या वाक्याची रचना मराठीला बरीच जवळची आहे. आपण म्हणतो तो, माझ्यापेक्षा, उंच. चिनी म्हणतो तो, पेक्षा-मी, उंच. फरक एवढाच की आपलं ‘पेक्षा’ शब्दाच्या मागे चिकटतं आणि पी शब्दाच्या पुढे उभा राहतो. 比 या अक्षराच्या जुन्या रूपात एकाच दिशेला तोंड करून शेजारी-शेजारी असलेली दोन माणसं आहेत. मला अजूनही वाक्य जुळवताना ती दोघं दिसतात, आणि मग पीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस पाहिजे हे आपोआप लक्षात राहतं. विशेषणाचं रूप बदलत नाही. आपल्याकडेही ‘उंचतर’ असं कुणी बोलत नाही. म्हणून इंग्रजीवरून चिनी शिकण्यापेक्षा हा भाग थेट मराठीवरून शिकावा असं मला वाटतं, वळसा वाचतो.

मग ‘खूप’ म्हणायचंच असेल तर? ते विशेषणाच्या मागे जातं. ‘था पी वो काओ त त्वो’ किंवा ‘था पी वो काओ त्वो ल’, दोन्हींचा अर्थ ‘तो माझ्यापेक्षा खूपच उंच’. ‘त्वो’ म्हणजे पुष्कळ. थोडासा फरक असेल तर ‘था पी वो काओ यी-त्येन’. नेमका आकडा असेल तर तोही तिथेच, शेवटी:

था पी वो ता सान स्वे.
तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे.

‘ता’ मोठा, ‘सान’ तीन, ‘स्वे’ वयाचं वर्ष. मराठीत आधी मोजमाप येतं आणि मग विशेषण, चिनीत आधी विशेषण आणि मग मोजमाप. मोठा, किती? तीन वर्षं. आधी दिशा सांगायची, मग अंतर. जे काही ‘किती’ला उत्तर देतं ते विशेषणाच्या मागे, एवढं एक सूत्र धरलं तर ‘खूप’, ‘थोडा’ आणि ‘तीन वर्षं’ ही तिन्ही एकाच खुंटीला टांगता येतात. माझ्या चुका थांबल्या त्या या सूत्राने. ‘हन चालत नाही’ हे पाठ करून त्या थांबल्या नव्हत्या.

पटीत बोलताना मात्र जपायला हवं. बाजारात विक्रेता म्हणतो, ‘च-क पी ना-क क्वेय यी पेय’. शब्दशः ‘हे त्यापेक्षा एक पट महाग’. आपल्याला वाटतं, एकपट म्हणजे तेवढंच की. पण पीच्या वाक्यात शेवटी येतो तो फरक, एकूण किंमत तिथे नसते. मूळ किमतीवर आणखी एक पट चढली, म्हणजे वस्तू दुप्पट महाग. ती वस्तू 20 युआनची असेल तर ही 40 ची. वर सांगितलेलं सूत्र इथेही तसंच लागू पडतं: विशेषणामागे येतं ते अंतर. 20 आणि 40 मधलं अंतर 20, म्हणजे मूळ किमतीची एक पट.

आता कंग. शब्दकोशात 更 समोर ‘अधिक’ असं लिहिलेलं सापडतं, आणि तिथेच गडबड सुरू होते. मराठी माणूस ‘जास्त उंच’, ‘अधिक उंच’ सहज म्हणतो, म्हणून प्रत्येक पीच्या वाक्यात तो कंग घालायला लागतो. व्याकरणाने ते चुकीचं नाही, पण अर्थ बदलतो.

था पी वो काओ.
था पी वो कंग काओ.

पहिल्या वाक्यात मी उंच आहे की बुटका याबद्दल काहीच म्हटलेलं नाही. दोघंही पाच फुटांचे असू शकतात, तो इंचभर जास्त एवढंच. दुसऱ्या वाक्यात मात्र मी उंच आहे हे गृहीत धरलेलं आहे, आणि तो त्याहून उंच. मराठीत याला नेमका शब्द आहे तो ‘आणखी’: मी उंच आहेच, तो आणखी उंच. म्हणून मी 更 साठी वहीत ‘अधिक’ खोडून ‘आणखी’ लिहिलं. बुटक्या माणसासमोर ‘तो तुमच्यापेक्षा कंग काओ’ म्हणाल तर ऐकणारा गोंधळेल. दोन स्वस्त पेनांची किंमत सांगताना ‘हे कंग महाग’ म्हणालात तर दुसरं पेनही महागच होतं असा अर्थ निघेल.

‘हन’ला दार बंद आणि कंगला मात्र विशेषणापुढे जागा, हे कसं? कारण कंग स्वतःच तुलनेचा शब्द आहे. तो तुलना बंद करत नाही, एक पायरी वर चढवतो. त्यामुळे पी नसला तरी तो एकटा उभा राहू शकतो. ‘वो शी-ह्वान छा, कंग शी-ह्वान खा-फेय’, म्हणजे मला चहा आवडतो, कॉफी आणखी आवडते. इथे पेक्षा कुठेच नाही, पण पहिली पायरी आधीच्या वाक्यात सांगून झालेली आहे. कंगला त्याची एक पायरी कुठेतरी आधी हवी असते, बास. आणि नेमका आकडा द्यायचा असेल तेव्हा कंग वापरू नये. ‘आणखी उंच’ आणि ‘तीन सेंटिमीटर उंच’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, त्यांची मोट बांधली की चिनी वाक्य बिघडतं.

कंगचा एक भाऊ आहे, ‘हाय’. ‘था पी वो हाय काओ’ म्हणजे तो माझ्यापेक्षाही उंच. मराठीतला तो एवढासा ‘ही’ जे काम करतो तेच काम ‘हाय’ करतो: मी उंच, सगळ्यांना माहीत आहे, आणि हा पाहा, माझ्यापेक्षाही! कंगमध्ये नुसती पायरी आहे, ‘हाय’मध्ये थोडं आश्चर्य आहे. बोलताना ‘हाय’ फार ऐकू येतो.

आता उलट बाजू, ‘कमी’ कसं म्हणायचं? इथे मराठीतलं चुकीचं वाक्य निवडलं तर पुढचं सगळं चुकतं. ‘शांघायला बीजिंगपेक्षा कमी थंडी असते’ हे वाक्य घेऊन ‘कमी’साठी चिनी शब्द शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. चिनीत विशेषणाला ‘कमी’ लावत नाहीत. त्याऐवजी आपलं दुसरं वाक्य घ्या, ‘शांघाय बीजिंगइतकं थंड नाही’. हे वाक्य चिनीत जसंच्या तसं उतरतं:

शांग-हाय मेय-यो पेय-चिंग ना-म लंग.

‘मेय-यो’, 没有, म्हणजे ‘नाही’, म्हणजे जवळ नसणं. ‘पैसे नाहीत’ मधला ‘नाही’ हाच. ‘ना-म’ म्हणजे तितकं, ‘लंग’ थंड. शांघायजवळ बीजिंगचा तो गारवा नाही, तिथवर ते पोचत नाही. ‘ना-म’ वगळलं तरी चालतं. ज्याच्याशी तुलना आहे ती गोष्ट जवळची असेल, म्हणजे आपण बीजिंगमध्ये बसूनच बोलत असू, तर ‘ना-म’ऐवजी ‘च-म’, म्हणजे इतकं. तितकं आणि इतकं हा फरक आपल्याकडे आहेच, त्यामुळे वेगळं शिकावं लागत नाही.

‘मेय-यो’च्या पोटातही कंगसारखंच एक गृहीतक आहे. ‘वो मेय-यो था काओ’, मी त्याच्याइतका उंच नाही, असं म्हटलं की तो उंच आहे हे ओघाने आलं. म्हणूनच ‘मी त्याच्याइतका बुटका नाही’ हे वाक्य तेव्हाच शोभतं जेव्हा तो बुटका आहे असं आधी ठरलेलं असतं. मराठीतही अगदी तसंच आहे, वाक्य म्हणून पाहा. म्हणजे पी तटस्थ आहे, तो दोघांतलं अंतर सांगतो आणि थांबतो. कंग आणि मेय-यो मात्र दुसऱ्याच्या अंगी तो गुण आहे असं मानूनच बोलतात, एक त्याच्या वर जातो, दुसरा खाली राहतो. आणि मेय-योच्या वाक्यात शेवटी आकडा येत नाही. ‘मी त्याच्याइतका तीन वर्षं मोठा नाही’ असं आपणही म्हणत नाही. किती कमी ते सांगायचं असेल तर विशेषण उलटं करून पीकडे परत यावं, ‘मोठा’च्या जागी ‘लहान’ घ्यावा आणि मागे तीन वर्षं लावावीत.

मग ‘तो माझ्यापेक्षा उंच नाही’ याचं काय? मराठीत नाही शेवटी येतं, म्हणून नवशिका ‘था पी वो पू काओ’ असं जुळवतो. ‘पू’ हा नकार. हे वाक्य चिनीत होत नाही. नकार पीच्या आधी येतो: ‘था पू पी वो काओ’. पण याचा अर्थ ‘मेय-यो’सारखा नाही. ‘पू पी’ म्हणजे कुणीतरी आधी म्हटलेलं खोडून काढणं. कुणी म्हणालं, त्याला संघात घ्या, तो उंच आहे. आणि आपण म्हणालो, तो काही माझ्यापेक्षा उंच नाही. तो ‘काही’ म्हणजेच ‘पू पी’ची भावना. तो माझ्याएवढा असेल किंवा बुटकाही असेल, मी फक्त तुझं म्हणणं नाकारतोय. आधी कुणी काही म्हटलेलं नसताना, सहज माहिती देताना ‘पू पी’ वापरलं तर ऐकणारा चमकतो, भांडण कशावरून चाललंय असं त्याला वाटतं. सहज बोलताना ‘मेय-यो’च बरा.

‘पू-रू’ हाही याच घरातला, पण त्याला विशेषण लागतंच असं नाही. नुसतं ‘अमुक पू-रू तमुक’ म्हटलं की अमुक तमुकइतकं चांगलं नाही असा अर्थ होतो. एक जुनी म्हण आहे, ‘य्वेन छिन पू-रू चिन लिन’: दूरच्या नातेवाइकापेक्षा जवळचा शेजारी बरा.

बरोबरी सांगायची तर पी पूर्ण बाजूला ठेवायचा. पी फरकासाठी आहे, फरक नसेल तिथे त्याचं काम नाही. म्हणून ‘था पी वो यी-यांग काओ’ हे वाक्य मुळातच चूक आहे. तिथे ‘कन’ येतो, म्हणजे ‘शी’ किंवा ‘सोबत’:

था कन वो यी-यांग काओ.
तो माझ्याइतकाच उंच आहे.

‘यी-यांग’, 一样, म्हणजे सारखं. विशेषण न लावता ‘था-मन यी-यांग’ म्हटलं तर ते सारखे आहेत, लावलं तर त्या बाबतीत सारखे. बरोबरी गाठली का, असा प्रश्न असेल तर ‘यो’, म्हणजे असणं, वापरतात: ‘नी ती-ती यो नी काओ ल मा?’ तुझा धाकटा भाऊ तुझ्याइतका उंच झाला का? शब्दशः ‘त्याच्याकडे तुझी उंची आली का?’ मेय-योचाच हा होकारी अवतार, आणि वाढत्या मुलांबद्दल हा प्रश्न फार गोड लागतो.

क्रिया तुलनेत आली की एक छोटीशी भर. तो माझ्यापेक्षा वेगाने धावतो, हे ‘था पी वो फाओ त ख्वाय’. ‘फाओ’ धावणे, ‘ख्वाय’ वेगवान, आणि मधला ‘त’ क्रियेला तिच्या गुणाशी जोडतो. पण ‘जास्त’ आणि ‘कमी’, ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ हे चार शब्द क्रियापदाच्या आधीही येतात. ‘था पी वो त्वो माय ल ल्यांग चिन’, म्हणजे त्याने माझ्यापेक्षा दोन चिन जास्त घेतले. एक चिन म्हणजे अर्धा किलो, तेव्हा फरक एक किलोचा. आकडा इथेही शेवटीच आहे.

आता हे सगळं एकाच ठिकाणी वापरून पाहू. चीनच्या नकाशावर शांघाय, बीजिंग आणि हार्बिन ही तीन शहरं खालून वर अशी घ्या. जानेवारीतल्या एका दिवशी शांघायचं तापमान 5 अंश, बीजिंगचं उणे 4 आणि हार्बिनचं उणे 19 आहे असं धरू.

पहिली जोडी शांघाय आणि बीजिंग. नुसती तुलना करायची तर ‘पेय-चिंग पी शांग-हाय लंग’. आता आकडा लावू: 5 पासून उणे 4 पर्यंत 9 अंश. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. ‘थंड’ या शब्दामागे अंश बसवणं अवघडल्यासारखं होतं, कारण अंश तापमानाचे असतात, थंडीचे नसतात. म्हणून कर्ता बदलून ‘तापमान’ घ्यायचं आणि विशेषण ‘कमी’, म्हणजे खालचं, असं घ्यायचं:

पेय-चिंग त छी-वन पी शांग-हाय ती च्यो तू.
बीजिंगचं तापमान शांघायपेक्षा 9 अंशांनी कमी आहे.

‘छी-वन’ हवेचं तापमान, ‘ती’ खालचं, ‘च्यो’ नऊ, ‘तू’ अंश. खरं तर तुलना बीजिंगच्या तापमानाची आणि शांघायच्या तापमानाची आहे, पण दुसऱ्यांदा ‘तापमान’ म्हणायची गरज नाही. मराठी भाषांतरातही ते गळलं, आणि तुम्हाला खटकलंही नसेल.

दुसरी जोडी बीजिंग आणि हार्बिन. बीजिंग थंड आहे हे सांगून झालं, म्हणून आता कंगची वेळ: ‘हा-अर-पिन पी पेय-चिंग कंग लंग’, हार्बिन बीजिंगपेक्षा आणखी थंड. हाच कंग पहिल्या जोडीत घातला असता तर शांघायही थंड आहे असा अर्थ झाला असता. फरक मोठा आहे हे सांगायचं असेल तर कंग सोडून द्यायचा आणि मागे ‘त त्वो’ लावायचं: ‘हा-अर-पिन पी पेय-चिंग लंग त त्वो’. तीच जोडी उलटी सांगायची झाली तर बीजिंग पुढे घ्यायचं आणि मेय-यो: ‘पेय-चिंग मेय-यो हा-अर-पिन ना-म लंग’.

आता पहिल्या जोडीचं वाक्य घेऊन शांघायच्या एखाद्या घरात थंडीत जाऊन बसा. चीनमध्ये छिनलिंग डोंगररांग आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला सार्वजनिक हीटिंग असतं, दक्षिणेला बहुतेक ठिकाणी नसतं. बीजिंगमध्ये ते 15 नोव्हेंबर ते 15 मार्च चालू असतं आणि घरात किमान 18 अंश राखणं अपेक्षित असतं. शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला आहे. बाहेर 5 अंश असताना तिथल्या घरात हवा दमट आणि बोचरी, आणि लोक घरातही जाड जाकीट घालून बसतात. उत्तरेकडून आलेल्या माणसाला तुम्ही सांगितलंत की ‘पेय-चिंग पी शांग-हाय लंग’, तर तो हात चोळत म्हणेल, ‘पेय-चिंग पू पी शांग-हाय लंग!’ बीजिंग काही शांघायपेक्षा थंड नाही! हाच तो ‘पू पी’, समोरच्याचं म्हणणं खोडणारा. आणि मग तो पुढे एवढंच जोडेल:

त्साय वू-ली, शांग-हाय पी पेय-चिंग लंग त्वो ल.
घरात म्हणाल, तर शांघाय बीजिंगपेक्षा खूपच थंड.